सळईची दोन टोकं आणि प्रोग्रॅममधला एक आकडा: प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

प्रश्न कागदावर नीट मांडला. अॅल्युमिनियमची ३० सेंटीमीटर लांबीची सळई. बाजूंनी उष्णता बाहेर जात नाही असं मानायचं, म्हणजे ती फक्त लांबीच्या दिशेनेच वाहील. सुरुवातीला पूर्ण सळई १०० अंश सेल्सिअसला आहे. शून्य सेकंदाला डावं टोक २० अंशांवर आणि उजवं टोक ६० अंशांवर आणून तिथेच धरून ठेवलं. त्यानंतर सळईत कुठेही, कधीही तापमान किती असेल ते चलविभाजनाने काढायचं, प्रोग्रॅममध्ये बसवायचं आणि दुसऱ्या एखाद्या स्वतंत्र पद्धतीशी ताडून पाहायचं.

समीकरण ओळखीचं आहे:

`u_t = α u_xx`, `0 < x < L`, `u(0,t) = 20`, `u(L,t) = 60`, `u(x,0) = 100`

`α` म्हणजे पदार्थात उष्णता किती झपाट्याने पसरते त्याचा गुणांक. अॅल्युमिनियमसाठी तो `9.7e-5` चौरस मीटर प्रति सेकंद धरला आहे.

मागच्या सत्रात दोन्ही टोकं शून्य अंशांवर असलेल्या सळईचा प्रोग्रॅम केला होता. तो हाताशी आहेच. नव्याने लिहीत बसण्यापेक्षा त्यातच दुरुस्त्या करू.

४ जानेवारी

पहिल्याच ओळीत अडकले. सवयीने `u = X(x) T(t)` लिहिलं आणि डाव्या टोकाची अट घातली. `X(0) T(t) = 20` आलं, आणि हे प्रत्येक क्षणी खरं हवं. म्हणजे `T` बदलूच शकत नाही. वेळेनुसार थंड होणाऱ्या सळईचं गणित मांडायला बसले आणि पहिल्याच अटीने वेळ गोठवून टाकला.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "अशा दोन उत्तरांची बेरीज करून बघ. टोकाला किती येतात?" चाळीस. समीकरणाला बेरीज चालते, टोकाच्या अटीला चालत नाही. चलविभाजनाचा सगळा डोलारा सोपी उत्तरं बेरजेने जोडण्यावर उभा आहे, आणि ती बेरीज टोकाची अट मोडणार नाही अशी एकच किंमत आहे: शून्य. पुस्तकात "टोकं शून्य अंशांवर" असं का असतं ते आज कळलं. मला वाटायचं, आकडेमोड सोपी व्हावी म्हणून.

मग आधी २० आणि ६० यांचा हिशेब वेगळा काढायचा. खूप वेळ गेला की सळई स्थिरावते, तापमान वेळेनुसार बदलायचं थांबतं, म्हणजे `u_t = 0` आणि म्हणून `u_xx = 0`. सरळ रेषाच उरते:

`v(x) = 20 + 40x/L`

आता `w = u − v` घेतलं की `w` हेच उष्णता समीकरण पाळतं, त्याची दोन्ही टोकं शून्यावर आहेत आणि सुरुवात `100 − v` म्हणजे `80 − 40x/L` आहे. सुरुवातीचा सपाट आलेख आता डावीकडे ८० आणि उजवीकडे ४० असा उतरता झाला. सळई तीच, फक्त मोजायची पातळी तिरकी केली.

६ जानेवारी

`w = X T` समीकरणात घालून दोन्ही बाजूंना `α X T` ने भागलं:

`T'/(αT) = X''/X`

डावीकडे फक्त वेळ, उजवीकडे फक्त जागा. वेळ पुढे सरकवला तर उजवी बाजू हलत नाही, म्हणून डावीही हलू शकत नाही. दोन्ही बाजू एकाच स्थिरांकाइतक्या. त्याला `−λ` म्हटलं. ऋण चिन्ह आधीच लावून ठेवणं मला नेहमी फसवणूक वाटायची, म्हणून या वेळी तिन्ही शक्यता हाताने तपासल्या.

`λ` ऋण घेतला तर `X` मध्ये `sinh` आणि `cosh` येतात. डावं टोक शून्य ठेवायचं तर `cosh` जातो. उरलेला `sinh` शून्यापासून निघाला की पुन्हा कधीच शून्यावर येत नाही, मग उजवं टोक शून्य कसं होणार? त्याचा सहगुणकच शून्य करावा लागतो आणि हाती काहीच उरत नाही. `λ = 0` घेतला तर सरळ रेषा मिळते. दोन्ही टोकांना शून्य असणारी सरळ रेषा म्हणजे अक्षच. राहता राहिला `λ` धन. तिथे `X = sin(√λ x)`, आणि साइन परत शून्यावर येतो.

पण कुठेही येऊन चालत नाही, बरोबर `L` वर यायला हवा. म्हणून `√λ L = nπ`, `n = 1, 2, 3, …`. पूर्णांक इथून येतात. समीकरणात ते कुठेच नव्हते, उजव्या टोकाने ते लादले. `T` साठी मग `T' = −αλT`, म्हणून प्रत्येक पद असं:

`sin(nπx/L) · exp(−n² k t)`, `k = π²α/L²`

आपल्या सळईसाठी `k = 0.010637` प्रति सेकंद. पहिलं पद सुमारे ९४ सेकंदांत मूळच्या ३७ टक्क्यांवर येतं. दुसरं त्याच्या चौपट वेगाने विरतं, म्हणजे साडेतेवीस सेकंदांत. तिसरं नऊपट वेगाने, साधारण साडेदहा सेकंदांत. हा `n²` पुढे कामाला येईल असं वाटतंय, म्हणून वहीत चौकट करून ठेवला.

९ जानेवारी

आज सहगुणक. `80 − 40x/L` ही तिरकी रेषा साइनच्या बेरजेने लिहायची. `sin(nπx/L)` आणि `sin(mπx/L)` यांचा गुणाकार `0` ते `L` समाकलित केला की `n` आणि `m` वेगळे असतील तर शून्य येतो, सारखे असतील तर `L/2`. त्यामुळे एकेक सहगुणक सुटा काढता येतो:

`b_n = (2/L) ∫ (80 − 40x/L) sin(nπx/L) dx`

खंडशः समाकलन केल्यावर सुटसुटीत उत्तर आलं:

`b_n = (2/nπ) [80 − 40(−1)ⁿ]`

कंसात काय आहे ते नीट पाहिलं तर गंमत आहे. ८० ही `w` ची डाव्या टोकाजवळची सुरुवातीची किंमत आणि ४० ही उजव्या टोकाजवळची. मधल्या रेषेचा काहीच मागमूस नाही, फक्त दोन टोकांवरच्या उड्या सहगुणकात उतरल्या आहेत. रेषा सरळ असल्यामुळे हे झालं. ती वाकडी असती तर `1/n³` वगैरेची आणखी पदं लागली असती.

`n` विषम असेल तर कंस १२० होतो आणि `b_n = 240/(nπ)`. सम असेल तर कंस ४० होतो आणि `b_n = 80/(nπ)`. पहिले काही आकडे: ७६.३९, १२.७३, २५.४६, ६.३७, १५.२८. चढउतार विचित्र दिसतो, पण विषम आणि सम वेगळे वाचले तर दोन्ही रांगा शिस्तीत उतरतात.

फूरियेने १८०७ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा लाग्रांजला ते पटलं नव्हतं. टोकाला शून्य असणाऱ्या साइनांची बेरीज करून टोकाला ८० असलेली रेषा कशी मिळेल? शंका रास्त आहे. टोकावर ती मिळतही नाही, टोकाच्या आत कितीही जवळ मिळते.

११ जानेवारी

प्रोग्रॅम. जुन्या फाइलची प्रत काढली, `v` जोडला आणि सहगुणक बदलला.

```python
import numpy as np
L, a = 0.30, 9.7e-5
k = np.pi**2 * a / L**2

def u(x, t, N=50):
    s = 20 + 40*x/L
    for n in range(1, N+1, 2):
        b = 2/(n*np.pi) * (80 - 40*(-1)**n)
        s = s + b*np.sin(n*np.pi*x/L)*np.exp(-n*n*k*t)
    return s
```

ताडून पाहायला दुसरी पद्धत म्हणून सळईचे ६० तुकडे केले, प्रत्येक ५ मिलिमीटरचा. प्रत्येक बिंदूचं नवं तापमान त्याच्या आणि दोन शेजाऱ्यांच्या जुन्या तापमानावरून काढायचं. या रीतीत `α·dt/dx²` हा आकडा अर्ध्याच्या वर गेला की बट्ट्याबोळ होतो. पहिल्यांदा घाईत `dt` ०.१५ सेकंद घेतला, आकडा ०.५८ झाला, आणि काही सेकंदांतच शेजारशेजारचे बिंदू आळीपाळीने हजारोंनी वर-खाली उड्या मारू लागले. `dt` ०.१ केल्यावर (आकडा ०.३९) सगळं शांत.

मग तुलना. सळईच्या बरोबर मध्यावर, १० सेकंदांनी, मालिका ९९.९२ देते. ६० सेकंदांनी ८०.२७. तुकड्यांच्या पद्धतीशी फरक एक दशांश अंशापेक्षाही कमी. दोन पूर्ण वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं. वहीत "पडताळणी झाली" असं लिहून खाली रेघ मारली.

१४ जानेवारी

रेघ खोडली.

अहवालासाठी पूर्ण सळईचा आलेख काढत होते, १० सेकंदांचा. उजवीकडे एक टेकाड दिसलं. नेमका आकडा काढला: `x = 0.225`, म्हणजे डावीकडून तीन-चतुर्थांश अंतरावर, तापमान १०४.६८ अंश.

हे होऊच शकत नाही. सळई १०० वर होती, टोकं २० आणि ६० वर आहेत, आत उष्णता निर्माण करणारं काही नाही. उष्णता समीकरणाचा कमालमूल्याचा नियम हेच सांगतो: सळईतलं सर्वांत जास्त तापमान एकतर सुरुवातीच्या क्षणी असतं किंवा टोकांवर असतं. नंतर मध्येच नवं शिखर उगवत नाही. नियम माहीत नसला तरी चालेल, थंड होणारी सळई मध्येच का तापेल?

पहिला संशय मालिका अर्धवट तोडल्याचा. तुटक मालिकेच्या टोकाशी लाटा उठतात हे ऐकून होते. `N` ५० वरून ५०० केला. १०४.६८ हलला नाही. हलणारही नव्हता: १० सेकंदांनी `n = 12` च्या पुढचं पद दहा लाखांत एक भागसुद्धा उरलेलं नसतं. टोकाजवळच्या लाटा टोकाजवळ असतात आणि `N` वाढवला की जागा बदलतात. हे टेकाड रुंद, गुळगुळीत आणि टोकापासून दूर होतं.

तुकड्यांची पद्धत त्याच जागी ९६.४६ देते. मग डावीकडे पाहिलं, `x = 0.075` ला. मालिका ८४.६८, तुकडे ९२.९१. म्हणजे डावीकडे माझी मालिका ८.२३ अंशांनी कमी आणि उजवीकडे तेवढ्याच ८.२३ अंशांनी जास्त. मध्यावर शून्य.

"तू मध्यावरच का तपासलंस?" मॅडमनी विचारलं. खरं उत्तर असं की मध्य सोपा वाटला. जुन्या प्रोग्रॅममध्येही मध्यच तपासला होता.

१५ जानेवारी

दोन पद्धतींतल्या फरकाचाच आलेख काढला. उत्तराचा नाही, चुकीचा. डावीकडे एक दरी, मध्यावर शून्य, उजवीकडे तशीच टेकडी. उलटा धरला तर `sin(2πx/L)` चा एक पूर्ण हेलकावा. डोळ्यांनाच ओळख पटली, पण वेळेचाही पुरावा हवा होता. चौकटीतला `n²` इथे कामाला आला.

`x = 0.075` ला २० सेकंदांनी फरक ५.४३ अंश, ६० सेकंदांनी ०.९९. दोन्हींच्या भागाकाराचा नैसर्गिक लॉग १.७०२, त्याला ४० सेकंदांनी भागलं तर विरण्याचा वेग ०.०४२५५ प्रति सेकंद. त्याला `k` ने भागलं: ४.००. चार म्हणजे दोनाचा वर्ग. हरवलेलं पद दुसरं. (१० सेकंदांपासून मोजलं तर ३.९८ येतं. तेवढ्या लवकर सहाव्या पदाचा थोडा अंश अजून शिल्लक असतो, म्हणजे तेही हरवलं आहे.)

मग प्रोग्रॅम उघडला आणि `range(1, N+1, 2)` मधला शेवटचा २ समोर दिसला. जुन्या प्रश्नात सळई दोन्हीकडून सारखी होती, सम पदांचे सहगुणक शून्य होते, म्हणून एकाआड एक पद घेतलं होतं. सूत्र बदललं, लूप तसाच राहिला. सहगुणकाची ओळ तर बिनचूक आहे. तिच्यात सम `n` साठी वेगळी किंमत देणारा `(-1)**n` सुद्धा आहे, फक्त सम `n` तिथपर्यंत कधी पोचतच नाही.

आणि मध्यावर ते का दिसलं नाही? `x = L/2` ठेवला की `sin(nπ/2)`, जो प्रत्येक सम `n` ला शून्य. सगळी सम पदं ज्या एका जागी एकदम गप्प असतात नेमक्या त्याच जागी मी त्यांची हजेरी घेत होते.

संध्याकाळी एक गोष्ट आणखी सुचली, आणि मला ती चुकीपेक्षाही जास्त आवडली. फक्त विषम पदं, `240/(nπ)` सहगुणकांची, जोडली तर काय मिळतं? सगळीकडे सपाट ६० ची मालिका. म्हणजे ८० ते ४० अशी उतरती रेषा तिची सरासरी होऊन बसली. त्यात `v` मिळवला तर सुरुवातीचं तापमान `80 + 40x/L`: डावीकडे ८०, मध्यावर १००, उजवीकडे १२०. माझा प्रोग्रॅम गणित चुकवत नव्हता. तो एका वेगळ्याच सळईचं गणित बिनचूक सोडवत होता, जी उजवीकडे १२० अंशांना तापलेली होती. तिच्यासाठी १०४.६८ मध्ये काहीच गैर नाही, कमालमूल्याचा नियमही मोडलेला नाही.

२ काढला. १० सेकंदांनी ९२.९१, ९९.९२, ९६.४६. ६० सेकंदांनी ५९.५८, ८०.२७, ७७.६०. दोन्ही पद्धती तिन्ही जागी जुळल्या.

१६ जानेवारी

सम पदं परत आल्यावर जुना एक ठोकताळा बदलावा लागला. "थोडा वेळ गेला की पहिलं पदच पुरतं" असं सर्रास म्हणतात. किती वेळ, हे प्रश्नावर अवलंबून आहे. सळई दोन्हीकडून सारखी असती तर पहिल्यानंतरचं पद तिसरं, नऊपट वेगाने जाणारं. इतक्याच सहगुणकांसाठी ते ५८ सेकंदांत ०.१ अंशाखाली येतं. आपल्या सळईत पहिल्यानंतरचं पद दुसरं आहे. त्याचा सहगुणक तिसऱ्याच्या निम्माच आहे, पण ते रेंगाळतं. त्याला ०.१ अंशाखाली यायला ११४ सेकंद लागतात. ६० सेकंदांनी फक्त पहिलं पद घेतलं तर मध्यावर ८०.३५ येतं, जे चालून जाईल. पण `x = 0.075` ला ५८.५३ येतं, खऱ्या उत्तरापेक्षा एक अंश कमी.

१८ जानेवारी

आता उलट टोक, अगदी लहान वेळ. `t = 0` ठेवून `N = 50` चा आलेख काढला. डाव्या टोकापासून सुमारे ६ मिलिमीटरवर तापमान ११४ च्या आसपास चढतं, मग लाटा लहान होत जातात. `N = 500` केला तर शिखर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर सरकतं, उंची मात्र तीच. या लाटा खऱ्याखुऱ्या तुटक मालिकेच्या, १४ तारखेला ज्यांच्यावर मी उगाच संशय घेतला त्या. साइन मालिकेच्या दृष्टीने टोकाशी आलेख −८० वरून +८० वर उडी मारतो, आणि शिखर त्या १६० च्या उडीच्या साधारण ९ टक्क्यांनी वर जातं. पदं कितीही घ्या, ही टक्केवारी कमी होत नाही.

याचं मूळ प्रश्नातच आहे. शून्य क्षणी सळईचं टोक १०० म्हणायचं की २०? सुरुवातीची अट एक सांगते, टोकाची अट दुसरं. त्या एका कोपऱ्यात दोघींचं भांडण आहे आणि मालिका ते मिटवू शकत नाही. पण घड्याळ जरा पुढे सरकलं की `exp(−n²kt)` वरच्या पदांना दाबून टाकतो. पदांचा घातीय भाग दहा लाखांत एकच्या खाली जायला साधारण `n = 3.7/√(kt)` पर्यंत जावं लागतं. ६० सेकंदांना ५ पदं, १० सेकंदांना १२, एका सेकंदाला ३६, आणि एक दशांश सेकंदाला ११४. म्हणजे `N = 50` हा माझा ठरावीक आकडा एक दशांश सेकंदाला कमी पडतो. आता `N` प्रोग्रॅमच वेळेवरून ठरवतो.

एवढ्या लहान वेळेसाठी मालिका वापरावीच का, हाही प्रश्न आहे. एका सेकंदात गारवा टोकापासून चार-पाच सेंटीमीटरच आत शिरतो, डाव्या टोकाला उजव्याची खबरही नसते. तेव्हा डाव्या बाजूला `100 − 80·erfc(x/√(4αt))` हे एकच पद जवळजवळ अचूक आहे. १० सेकंदांनी `x = 0.075` ला तेही ९२.९१ च देतं, आणि ही माझी तिसरी स्वतंत्र पडताळणी झाली. दोन्ही टोकांचा परिणाम एकमेकांत मिसळू लागला की हे सूत्र लंगडं पडतं, आणि नेमकी तिथूनच मालिका स्वस्त होते.

२१ जानेवारी

अहवालासोबत चाचण्या जोडायच्या आहेत. मॅडमनी सुचवलं, टोकं अदलाबदल करून बघ: डावं ६०, उजवं २०. सहगुणकांत विषम पदं तशीच राहतात आणि सम पदांचं फक्त चिन्ह उलटतं. ६० सेकंदांनी `x = 0.075` ला ७७.६० आणि `x = 0.225` ला ५९.५८, आरशातल्यासारखं. छान दिसलं, चाचणीत घालणार होते.

मग सहज तो २ परत टाकून हीच चाचणी चालवली. जुना प्रोग्रॅम ७८.५९ आणि ५८.५९ देतो, सरळ सळईला याच्या बरोबर उलट. आरसा पूर्ण जुळतो, म्हणजे तोही पास. सम पदं मुळातच नसलेल्या प्रोग्रॅमला त्यांचं चिन्ह उलटण्याची चाचणी काय करणार? काढून टाकली.

शेवटी ठेवलेली चाचणी अगदीच साधी आहे. एका सेकंदाने, `x = 0.075` ला. गारवा तिथवर पोचलेला नाही, म्हणून उत्तर १००.०० च हवं, त्यासाठी कुठलीही दुसरी पद्धत लागत नाही. दुरुस्त प्रोग्रॅम १००.०० देतो. २ असलेला प्रोग्रॅम ९०.०० देतो.